लॉजचं पहिलं बिल

आमचा मेकॅनिक बहिणीच्या गावी दौऱ्यावर गेला की तिच्याकडेच उतरायचा. सहा हजारांच्या अ‍ॅडव्हान्समधले तीन हजार तरी परत आणून माझ्या कॅशच्या खिडकीत ठेवायचा. लॉजचं भाडं ऑफिस देतं, तरी हा बावळट एकदाही बिल लावत नाही, म्हणून मी दरवेळी चिडायचो.

काल त्याने खर्चाचा तक्ता दिला. खर्च पाच हजार तीनशे चाळीस, उरलेले सहाशे साठ रोख. सोबत दोन रात्रींचं लॉजचं बिल.

"बहिणीशी भांडलास की काय?" मी म्हटलं.

"ताई गेली, महिना झाला. भाऊजी मुलाकडे राहायला गेले. घराला कुलूप आहे."

मी मान खाली घालून बेरीज पुन्हा तपासली. तक्त्यात 'रिक्षा, एकशे वीस' लिहून खोडलं होतं. का खोडलंस, विचारलं.

"ते ऑफिसच्या कामाचं नव्हतं. स्टँडवर उतरलो आणि सवयीने तिचाच पत्ता सांगितला. कुलूप बघून तीच रिक्षा लॉजकडे वळवली."

मी सहाशे साठची पावती फाडून दिली. लॉजचं बिल लाव म्हणून बारा वर्षं मीच त्याच्या मागे लागलो होतो.