साठ पैसे शब्द

मुकुंदराव कंधारकरांनी हैदराबादेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेत मराठी घेणारी मुलंही बत्तीसच उरली होती, म्हणजे वर्षाला एक या हिशेबाने त्यांनी सेवा वेळेवर आटोपली असं म्हणायला हरकत नव्हती. बरकतपुऱ्यात दोन खोल्यांत ते एकटे राहत. रस्त्यावरच्या पाट्या तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत. चुका काढाव्यात तर मराठीच सापडायची नाही. अशा माणसाचा हात शिवशिवतो.

म्हणून फोनवरून एक काम आलं तेव्हा त्यांना पैशांपेक्षा चुकांचाच आनंद झाला. कुठलीशी भाषांतर कंपनी होती. तिचा पत्ता मुकुंदरावांनी विचारला नाही आणि तिनेही सांगितला नाही. कंपनीवाले यंत्राने केलेलं मराठी पाठवायचे. ते माणसाचं करून द्यायचं. शब्दाला साठ पैसे. जाहिरातींत कुकर झाला, केसांचं तेल झालं, गुडघ्याचा पट्टा झाला. मग एक दिवस ‘धनसारथी एआय’ आलं.

एका व्हिडिओत बोलायचा मजकूर होता आणि त्यासोबत एक वेबसाइट. यंत्राने लिहिलं होतं: ‘तुमची लहान पहिली ठेव आज करा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तुमच्यासाठी व्यापार करून शंभर टक्के हमी नफा वितरित करेल.’ वाचून मुकुंदरावांच्या दाढेत कळ आली. शेअर बाजारात नफ्याची हमी कुणाला देता येत नाही, नोंदणी असलेल्या दलालाला तर तसं बोलायचीही मनाई आहे, हे त्यांनी पेपरात वाचलेलं होतं. म्हणून त्यांनी ‘हमी’ हा शब्द काढून टाकला. प्रामाणिकपणाचं एवढं काम केल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि रिकाम्या जागी त्यांनी लिहिलं:

‘सुरुवात फक्त एकवीस हजारांनी. बाजारावर डोळा ठेवून जागायचं काम आमच्या यंत्राचं, निवांत झोपायचं काम तुमचं. नफा होईल, हा आमचा शब्द.’

बाराशे शब्दांचे सातशे वीस रुपये झाले. ते मात्र लगेच आले नाहीत. महिनाभरात दोनदा आठवण करून द्यावी लागली.

पैसे आल्यावर आठ-दहा दिवसांनी ते विद्यानगरला अक्काकडे जेवायला गेले. अक्का म्हणजे सुशीलाबाई, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण. नवरा सिकंदराबादला रेल्वेत होता. तो गेल्यावर आलेले नऊ लाख तिने बँकेत ठेवले होते, आणि त्याच्या व्याजाची पेन्शनला जोड देऊन ती स्वतःच्या कुलपाच्या घरात राहत होती. मुलगा किशोर पुण्याला. त्याची बायको मेधा फोनवर नेहमी म्हणायची, ‘आई, इकडेच या आता.’ अक्का म्हणायची, ‘येते की,’ आणि जायची नाही. ते नऊ लाख म्हणजे तिचं न जाणं होतं.

“मुकुंदा, बस. तुला एक गंमत दाखवते,” वरण वाढून झाल्यावर ती म्हणाली आणि फोन घेऊन आली.

पडद्यावर एक बडा उद्योगपती चक्क मराठीत बोलत होता. ओठ जरा मागेपुढे होत होते, पण अक्काचा चष्मा जुना होता. तो म्हणाला, बाजारावर डोळा ठेवून जागायचं काम आमच्या यंत्राचं.

मुकुंदरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“भाषा बघ,” अक्का म्हणाली. “चोरांचं मराठी मी ओळखते. ‘प्रिय ग्राहक आपला खाता बंद झाला आहे.’ असला मेसेज आला की मी बोटसुद्धा लावत नाही. तूच शिकवलंस ना? हे बघ, एक चूक दाखव मला.”

त्यांना एकही दाखवता आली नाही.

“भरलेस का काही?” त्यांनी विचारलं.

“एकवीस हजार. आठ दिवसांत तेहतीस झाले. आणि मी काय अशी तशी आहे का? म्हटलं, तीन हजार काढून दाखव. आले की बँकेत. ती प्रियदर्शिनी नावाची मुलगी रोज फोन करते, आंटी जेवलात का विचारते. मेधा विचारते का?”

इथे मुकुंदरावांनी बोलायचं होतं. तीन वाक्यं पुरली असती: अक्का, हे मी लिहिलंय. हे खोटं आहे. पुढे काही भरू नकोस. तिन्ही वाक्यं त्यांनी मनात नीट रचली, विरामचिन्हांसह. पण पहिलं बोलल्याशिवाय दुसरं बोलता येत नव्हतं, आणि पहिल्यापाशी जीभ अडत होती.

“जपून गं,” ते म्हणाले.

“जपूनच तर चाललंय. तू जेव. भात घे.”

चार दिवसांनी तिचा फोन आला. ठेव मोडायची होती. ‘व्हीआयपी’ खात्यात नऊ लाख टाकले की यंत्र मोठे सौदे करतं म्हणे. “बँकेत सोबत चल, मला ते फॉर्म भरता येत नाहीत.”

आता बँकेतच सांगू, असं मुकुंदरावांनी ठरवलं. चारचौघांत बहीण रडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब त्यांचा विषय कधीच नव्हता.

काउंटरमागून अधिकारी उठून आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. “सर, ओळखलं का? उदय. तुम्ही मला ऱ्हस्व-दीर्घासाठी उठाबशा काढायला लावल्या होत्या.” मग त्याने फॉर्म पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. “आजी, राग मानू नका. एवढी रक्कम, आणि समोरचं खातं कुठल्या तरी ट्रेडर्सचं, तेही परराज्यातलं. कुणी फोनवर सांगितलंय का? नफा देतो वगैरे? विचारावंच लागतं, रोज एक केस येते.”

काय उत्तर द्यायचं ते प्रियदर्शिनीने अक्काला पढवून ठेवलं होतं; बँकवाल्यांना आपला धंदा बुडायची भीती असते, म्हणून ते अडवतात, असं कारणही दिलं होतं. पण खोटं बोलायची अक्काला सवय नव्हती. तिने भावाकडे पाहिलं. उदयनेही सरांकडे पाहिलं.

“घराचं काम काढलंय,” मुकुंदराव म्हणाले. “फरशीचा माल तिकडून येतोय.”

वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी होतं. उदयने निःश्वास टाकला.

“सर बरोबर आहेत म्हटल्यावर प्रश्नच नाही,” तो म्हणाला आणि शिक्का मारला.

पुढे व्हायचं ते झालं. फोनच्या पडद्यावर नऊचे साडेचौदा झाले. अक्काने पन्नास हजार काढायचे म्हटले तेव्हा प्रियदर्शिनी म्हणाली, आधी नफ्यावर अठरा टक्के टॅक्स भरा, मग पैसे सुटतील. अक्का म्हणाली, त्यातूनच कापून घे की. तसं सिस्टीममध्ये होत नाही, प्रियदर्शिनी म्हणाली. अक्काकडे टॅक्सला पैसे उरलेच नव्हते, हे कळल्यावर प्रियदर्शिनीने जेवण विचारणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी नंबर बंद, धनसारथीचं ॲप उघडेना.

“मुकुंदा,” अक्का फोनवर म्हणाली, “ते यंत्र झोपलं वाटतं.”

आता मुकुंदरावांनी फार चपळाई केली. सायबर फसवणुकीसाठीचा एकोणीसशे तीस नंबर फिरवला. पलीकडच्याने विचारलं, पैसे जाऊन किती दिवस झाले? अकरा. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं असतं तर वाटेत अडवता आले असते, तो म्हणाला; आता ते दहा खात्यांतून फिरून बाहेर पडले असतील. सगळीकडे मिळून चौदा हजार अडकले, तेवढेच. ते सुटायलाही कोर्टाचा हुकूम लागणार.

सायबर पोलिसांच्या वेबसाइटवर तक्रार मुकुंदरावांनीच लिहून दिली. दोन पानं, तारीखवार, बिनचूक. व्हिडिओ, ॲप, प्रियदर्शिनी, ट्रेडर्स, सगळे आपापल्या जागी होते. एकच माणूस त्यात नव्हता. अक्काने वाचून ‘पाठव’ म्हटलं आणि किशोरला फोन लावला. मेधाने उचलला. “येते,” अक्का म्हणाली. या वेळी ती जाणार होती. सामान बांधायला तिने महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली.

दोन आठवड्यांनी मुकुंदरावांचं एटीएम कार्ड चालेना. उदयच्या शाखेत जाऊन विचारलं तर कळलं, पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठवलं आहे. पेन्शन आत येईल, बाहेर येणार नाही. “सर, काही तरी चूक असेल,” उदय म्हणाला. आणि मुकुंदरावांना आयुष्यात पहिल्यांदाच चूक सापडल्याचा आनंद झाला नाही.

त्याच दुपारी अक्का रिक्षा घेऊन त्यांच्या दारात आली. पुष्कळ दिवसांनी तिने इस्त्रीची साडी नेसली होती.

“चल, चप्पल घाल. एक सापडला. पोलिसांचा फोन होता. ‘अम्मा, एक मिला, तुम्हारेच इकडे का है, बरकतपुरा,’ म्हणाले. नाव फोनवर नाही सांगितलं. ज्या खात्यात माझे एकवीस हजार गेले ना, त्यातूनच त्या दिवशी संध्याकाळी सातशे वीस रुपये याच्या खात्यात गेलेत. सातशे वीस. म्हणजे काहीतरी मजुरी केली असणार मेल्याने.”

मुकुंदरावांनी चप्पल घातली. डावी-उजवी बरोबर घातली.

रिक्षात अक्का बोलत होती. “मला पैसे नको बाई त्याच्याकडून. सातशे वीस रुपयांत काय येतं? मी एवढंच विचारणार, तुला आईबाप आहेत का, बहीण आहे का.”

“आहे,” मुकुंदराव म्हणाले.

“काय आहे?”

“बहीण.”

काचीगुड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली होती. तिथे त्यांनी सांगितलं. यंत्राचं मराठी, साठ पैसे, जागायचं काम, झोपायचं काम. सांगायला सिग्नलचे नव्वद सेकंदही लागले नाहीत. अक्का समोरच्या बसकडे बघत होती.

“मी फोन दाखवला तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“बँकेत?”

“हो.”

“फरशी तू म्हणालास.” तिने पदर सारखा केला. “आणि तक्रार?”

“तीही मीच.”

“तीही चांगली लिहिली होतीस,” अक्का म्हणाली.

ठाणं आलं. रिक्षाचे पैसे तिने दिले. त्यांच्याकडे देण्यासारखे नव्हते. आत टेबलामागे तरुण इन्स्पेक्टर होता. त्याने अक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फाइल उघडून मुकुंदरावांकडे पाहिलं.

“ये कौन अम्मा, तुम्हारे भाई है क्या?”

अक्काने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“ये लिखते,” ती म्हणाली. “तुम लिखो अब. इनको बोलने दो.”