तेवीसचा आकडा

त्या दुपारी कोळारच्या गोदामाबाहेर ट्रकांच्या रांगेत मी माझ्या वडिलांना, अप्पांना, डबा द्यायला गेले. इंजिन बंद होतं आणि केबिनमधला बॅटरीवरचा कूलर चालू होता. तरीही अप्पा झोपले नव्हते; कूलरवर दिसणाऱ्या व्होल्टच्या आकड्याकडं बघत बसले होते.

“अप्पा, कामून जागायलाव?”

“बॅटरी उतरली अन् रांगेत गाडी सुरू झाली न्हाई, तर मागचे माझी वरात काढतेत!”

“आकडा तेवीसवर आला की कूलर आपणहून बंद होतो म्हणं. इंजिनापुरतं बॅटरीत उरतं.”

“मशीनचा काय भरवसा?” हसत त्यांनी कूलर बंद केला.

कूलर पुन्हा लावा, असं मला म्हणायचं होतं, पण रांग सरकली आणि मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत, बंद कूलरखाली, अप्पांना उष्माघात झाला. ते वाचले नाहीत.

महिन्याभरानं ट्रक चुलतभाऊ रविकुमारनं चालवायचं ठरलं. मी त्याला म्हटलं, आधी ट्रक उन्हात लाव, इंजिन बंद कर आणि कूलर आपणहून थांबेपर्यंत चालू ठेव. मी अप्पांच्या झोपायच्या फळीवर बसले. उठले, पुन्हा बसले. आकडा हळूहळू उतरत होता. जवळजवळ पाच तासांनी तो तेवीसवर आला आणि कूलर आपणहून थांबला.

“आता ढकलायला उतर, अक्का,” म्हणत रविकुमारनं चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं.

मी अप्पांची उशी नीट केली.

“अप्पा, तुमी झोपा. आकड्याकडं मी बघते.”