वेणूबाईंच्या पोटदुखीचं वय

चौदा मार्चला आम्ही व्हिएतनामला निघणार होतो. नऊ तारखेला दुपारी बायकोच्या, म्हणजे वेणूबाईंच्या, पोटात दुखायला लागलं. मी रिक्षा इतकी पळवायला लावली, की सप्तापूरची कुत्री अजून मला वाट देतात.

दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

दुपारपासून म्हटलं असतं तर बाकावर बसवलं असतं. मी ठोकून दिलं, "वीस वर्षांपासून! रोज!"

त्यानं ते केसपेपरवर लिहून घेतलं. रात्री अपेंडिक्स काढलं, सकाळी मी विमान आणि हॉटेलं रद्द केली. बुडालेल्या पैशांसाठी प्रवास विम्याचा क्लेम टाकला. महिन्यानं विमा कंपनीचं पत्र आलं: आजार पॉलिसी घेण्याआधीचा, दावा नामंजूर.

बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सहलीचे पैसे त्यांनी शिकवण्या घेऊन साठवलेले, पॉलिसीही त्यांच्याच नावानं. त्या पत्रावरून नजर न काढता म्हणाल्या, "वीस वर्षं दुखलं ते डोकं. त्याचं कारण समोर बसलंय."

एजंट गुरुप्रसाद आला. "अण्णा, सोपं आहे. दवाखान्यात ओळख आहे. 'वीस वर्षं' खोडून 'एक दिवस' करून आणतो."

"खाडाखोड करायची नाही," बाई कडाडल्या. "खरं असताना खोटं कशाला?" मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही घ्या कागद. जे बोललात ते लिहा."

पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न फुगवता लिहिलं. हात दुखला.

'पॉलिसी २० जानेवारीची. दुखणं ९ मार्चचं, शस्त्रक्रिया त्याच रात्री, डिस्चार्ज १३ला. तिकिटं व हॉटेलं १० मार्चला रद्द. परत न मिळालेल्या रकमेच्या पावत्या सोबत. वीस वर्षांची माहिती रुग्णानं दिलेली नाही. ती मी, त्यांच्या नवऱ्यानं, दिली, आणि ती थाप होती. सर्जन डॉ. नेत्रा यांचा दाखला, सोनोग्राफी व काढलेल्या अपेंडिक्सचा तपासणी अहवाल जोडला आहे. तिन्हींत सूज ताजी असल्याचं म्हटलं आहे. थापेची शिक्षा मला द्या, रुग्णाला नको. दावा मान्य नसेल तर विमा लोकपालाकडे जाऊ.'

गुरुप्रसाद हादरला. "अण्णा, थाप मारली असं कुणी लिहितं का? आणखी अडकाल!"

"अडकू दे," बाई म्हणाल्या आणि माझ्या सहीखाली आपली सही ठोकली.

बाविसाव्या दिवशी कंपनीतून फोन आला. मी स्पीकर लावला.

"मॅडम, तुमचे मिस्टर खरंच थापा मारतात?"

"तुम्हाला किती ऐकायच्यात?"

पलीकडची मुलगी फस्सकन हसली. मग सावरून म्हणाली, दावा मंजूर झालाय, फक्त व्हिसाची फी पॉलिसीत बसत नाही.

"कुठल्या कलमानं?" बाईंनी विचारलं, आणि चष्मा लावून पॉलिसी उघडली. "लाइनवर राहा. मी वाचते."