लॉक होऊ नये

रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या यंत्राला मराठीत काय म्हणायचं, यावर रेल्वेच्या पुस्तिका-समितीने बैठकांवर बैठका घेतल्या आणि प्रत्येक बैठकीत चहा गार झाला. समितीप्रमुख साहेबांना ‘सांधा-परिवर्तक यंत्र’ हवं होतं. प्रशिक्षण केंद्राचे मास्तर निम्मं आयुष्य यार्डात काढून शिकवायला आलेले. ते म्हणाले, “साहेब, एवढं नाव घेऊन होईपर्यंत गाडी निघून जाईल. सगळे पॉइंट मशीनच म्हणतात.” मग ‘इंटरलॉकिंग’ची पाळी आली. साहेबांनी खिशातून ‘आंतरपाशन’ काढलं. मास्तरांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

या दोघांच्या मध्ये अनुवादक बाई बसायच्या. सिग्नलच्या कामगारांसाठीची पुस्तिका इंग्रजीवरून मराठीत त्यांनाच लिहायची होती. त्या कंत्राटावर होत्या आणि मुदत महिनाअखेरीला संपत होती. पुस्तिका वेळेवर छापून निघाली तर कायम करून घेऊ, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि साहेब सहसा दिलेला शब्द पाळत. त्यामुळे बाईंनी कोणालाही न दुखवता शब्दांचा कीस पाडू दिला. शेवटी ‘पॉइंट मशीन’ तसंच राहिलं, ‘इंटरलॉकिंग’ही राहिलं, आणि त्याखाली बाईंनी साधी ओळ लिहिली: ‘सांधा पूर्ण बसून लॉक झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल दिल्यावर सांधा हलवता येत नाही.’ मास्तरांनी मान डोलावली. साहेबांनीही डोलावली, पण जरा उशिराने.

नियम असा होता, की छापण्याआधी प्रत्यक्ष काम करणाऱ्या एकाने पुस्तिका वाचून सही करायची. बाईंचा नवरा जवळच्याच यार्डात सिग्नल मेंटेनर होता, सिग्नल-सांध्यांची देखभाल करायचा. घरात माणूस असताना बाहेर शोधायचा कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. तो ड्युटीवरून आला, जेवता जेवता डाव्या हाताने चार पानं उलटली आणि म्हणाला, “छान झालंय. तू लिहिलंयस म्हणजे बघायला नको.” हात धुऊन त्याने सही केली. बाईंना ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पुस्तिका छापून आली. गठ्ठे केंद्राच्या व्हरांड्यात रचले गेले. यार्डांकडे रवाना करण्याआधी नव्या तुकडीला सरावासाठी काही प्रती दिल्या. केंद्रामागच्या आवारात शिकवण्यासाठी थोडे रूळ टाकले होते आणि त्यावर खराखुरा सांधा होता, शेजारी मशीन. एक शिकाऊ माणूस पुस्तिका पायाशी उघडी ठेवून चाचणी करत होता. आपलं मराठी चालताना बघावं म्हणून बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

त्याने हलत्या रुळाच्या टोकाजवळ, त्याच्या आणि पक्क्या रुळाच्या मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी धरली. मशीन चालवलं. हलता रूळ पट्टीवर येऊन अडला, मोटर गुरगुरत नुसतीच फिरत राहिली, लॉक काही पडेना. त्याने मोटर बंद केली, पुन्हा वाचलं, पुन्हा चालवून पाहिलं. तरी तेच.

“लॉक होत नाही,” तो म्हणाला. “इथे तर लिहिलंय, लॉक झालं पाहिजे. नट जुळवून बघतो.” आणि त्याने मशीन आणि रूळ जोडणाऱ्या दांडीच्या नटाला पाना लावला.

“हात काढ,” मास्तर लांबूनच म्हणाले. जवळ येऊन त्यांनी पुस्तिका उचलली, ती ओळ वाचली. मग शिकाऊ माणसाला त्यांनी शांतपणे समजावलं. पट्टी म्हणजे रुळांमध्ये अडकलेला दगड. रूळ एवढा उघडा असताना यंत्राने लॉक व्हायचं नाही, म्हणजे सिग्नलही मिळणार नाही. यंत्राने नकार दिला तरच ते पास. ते लॉक झालं असतं, तर फटीवरून गाडीला वाट मिळाली असती.

बाईंनी पुस्तिका मागून घेतली. मूळ इंग्रजीत ‘लॉक होऊ नये’ असंच होतं, हे त्यांना लख्ख आठवलं. चाचण्यांच्या यादीतल्या बाकी सगळ्या ओळींत लॉक झालं पाहिजे आणि इथेच उलट कसं, असं त्यांना वाटलं होतं. टंकलेखकाची चूक समजून त्यांनी ती आपल्या हुशारीने दुरुस्त केली होती. आंतरपाशनावर भांडताना या ओळीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण तिच्यात एकही अवघड शब्द नव्हता.

“मीही वाचलं होतं,” मास्तर म्हणाले. “माझं लक्ष नावांवर होतं.”

साहेबांनी आपल्या खोलीत सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “शुद्धिपत्र चिकटवा आणि पाठवून द्या.”

“शुद्धिपत्र गळून पडतं, साहेब,” बाई म्हणाल्या. “गठ्ठे रोखून पुन्हा छापायला हवं. आणि सगळी पुस्तिका पुन्हा कोणीतरी नीट वाचायला हवी. अजून कुठे काय असेल, मला माहीत नाही.”

साहेबांनी सहीचं पान काढलं. “यार्डवाल्याची सही आहे की. तुम्ही भाषेचं माणूस. चूक त्याने पकडायची होती.”

वाट अगदी मोकळी होती. खापर फोडायला डोकंही घरचंच होतं.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “सहीचं मी घरी बघते.”

“मग महिनाअखेरपर्यंत काही छापून होत नाही. तुमच्या मुदतीचं मला काही सांगता येणार नाही.”

“हो, साहेब.”

घरी येईपर्यंत त्यांना नवऱ्याचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

“ही चाचणी मी दर वेळी स्वतःच्या हाताने करतो,” तो म्हणाला. “वाचलं असतं तर एका नजरेत दिसलं असतं.”

“वाचलं नाही तुम्ही.”

“नाही. कामावर मी कधी डोळे झाकून सही केली नाही. फक्त तुझ्यासाठी केली.”

बाईंनी उठून ताटं वाढली. 

दुरुस्त केलेली पानं आली तेव्हा त्याने ताट बाजूला सरकवून दिवा जवळ घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पट्टीची ओळ त्याने दोनदा वाचली आणि पुढे गेला. मग एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं.

“‘काम सुरू करण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना सांगावे.’ हे काय?”

“बरोबर आहे ना? सांगता की तुम्ही.”

“नुसतं सांगून भागत नाही. लेखी द्यायचं. त्याची सही हातात येईपर्यंत मशीनला बोट लावायचं नाही. तो विसरला आणि त्याने त्याच रुळावर गाडी घेतली, तर?”

बाई फार दमल्या होत्या. नोकरी जवळजवळ गेलीच होती, आणि सकाळी ही पानं द्यायची होती. त्यांनी पेन पुढे केलं. “तेवढं मी उद्या घालते. सही करा.”

त्याने पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

“नाही करणार. आधी दुरुस्त कर.”

लग्न झाल्यापासून त्याने त्यांना इतकं सरळ ‘नाही’ म्हटलं नव्हतं.  बाईंना फार बरं वाटलं, पहिल्या सहीच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी टोपण काढलं आणि पान स्वतःकडे ओढलं.

“लिहिते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पुढचं वाचा.”