गुलाबी रंगाखालचा आकडा

हैबतराव कोसळले तेव्हा खिशातला फोन शाडूच्या पाण्यात गेला. पेणमधल्या त्यांच्या गणपतीच्या कारखान्याची सगळी ओळखपाळख उरली ती बुटाच्या खोक्यातल्या व्हिजिटिंग कार्डांत. त्यांच्या दहाव्याचा निरोप सगळ्यांना जायला हवा होता. म्हणून त्यांच्या धाकट्या मुलाने, नितेशने, कार्डांचे फोटो काढले आणि थोरल्या मुलीने, ऋतुजाने, ते लॅपटॉपवर चढवून कार्ड वाचणाऱ्या ॲपला सांगितलं: नाव, फोन, पत्ता वेगळे कर, फोनमध्ये भरता येईल अशी फाइल दे.

ॲपने मिनिटात फाइल दिली. तिच्यानुसार कोकणातले झाडून सगळे धंदे एकाच गृहस्थाचे होते, आणि त्याचं नाव श्री गणेश प्रसन्न. कार्डावरची पहिली ओळ म्हणजे नाव, अशी ॲपची समजूत. ऋतुजाने ती ओळ काढली. मग मन्सूरचाचांच्या ओळीत तेरा आकडी फोन दिसला. कार्डाच्या माथ्यावर छापलेलं ७८६ त्याला चिकटलं होतं. तेही काढलं. नंबर दहा आकडी झाला.

रोह्याचे मन्सूरचाचा मूर्ती गुंडाळून बांधायला पेंढा पाठवत. बाबांचा त्यांच्याइतका जवळचा माणूस दुसरा नव्हता.

नंबर फोटोशी ताडून बघताना तिचा हात थांबला. छापील नंबर खोडून बाबांनी नवा पेनने लिहिला होता, पण शेवटच्या आकड्यावर अंगठ्याचा गुलाबी रंगातला ठसा होता. फोटोत आकडे नऊच. दहावा ॲपने मनाने घातला होता, तोही बेधडक.

"लाव ना ताई. लागला तर लागला," नितेश म्हणाला.

"आणि भलत्याच माणसाला सांगू, हैबतराव गेले म्हणून?"

"मग नखाने खरवड. खाली दिसेल आकडा."

तिने खरंच कार्ड उचललं. नख टेकवलं.

"खरवडू नको गो," भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या आई, गिरजाबाई म्हणाल्या. "त्यांचा अंगठा हाय तो."

ऋतुजाने फोनचा रकाना रिकामा ठेवला. पत्ता मात्र स्वच्छ वाचता येत होता. बाकीची फाइल नितेशच्या हवाली करून तिने रोह्याची एसटी धरली.

मन्सूरचाचा वखारीत वजनकाट्याशी उभे होते. तिला पाहून आधी हसले, मग तिच्या मागे कोणी येतंय का ते बघत राहिले.

"बाबा नाय आला?"

"बाबा गेले, चाचा. सोमवारी."

ते पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, "मला कुनी फोन नाय केला."

"तुमचा नंबर नव्हता आमच्याकडं. पुरा नव्हता."

"नंबर नव्हता." त्यांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. "दहावा कधी?"

"बुधवारी."

"बुधवारपर्यंत कोन थांबतो?" ते उठले, शटर ओढलं, कुलूप लावलं. "चल. गिरजाभाभी काय जेवतात का गो?"

"नाय."

"मग बाजारातनं आधी केळी घेऊ."