एकतीस डिसेंबरचा दरवाजा

जव्हारच्या पठारावर, गावाबाहेर, एका संस्थेचं नर्सिंग कॉलेज आहे आणि त्याला लागून मुलींचं दोन मजली वसतिगृह. तिथल्या देखभाल विभागात मतभेद हाताने मिटवण्याची पद्धत होती. विभागप्रमुख मुकेश भोये पंप बंद पडला की त्याला लाथ घालायचा, आणि पंप सुरू झाला नाही तर पंपवाल्याला. दोन्ही उपायांनी बऱ्याचदा काम व्हायचं, त्यामुळे पद्धतीवर कुणाचा विश्वास उडाला नव्हता.

या विभागासाठी एक पान तयार करायचं काम तुषार वारघडेकडे आलं. तुषार मोखाड्याकडचा, बी.कॉम. झालेला, संस्थेत कागदपत्रं सांभाळणारा. त्याची धाकटी बहीण सुनिता याच वसतिगृहात पहिल्या मजल्यावर राहून शिकत होती, आणि पगारापेक्षा या सोयीमुळे तो इथे टिकला होता.

"बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, दोन्हींतल्या अटी," व्यवस्थापक हेमंत सबनीस म्हणाले. "ऐंशी पानं आहेत. भोयेला ऐंशी पानं दिली तर तो ती कुणाच्या तरी तोंडावर मारेल. एक पान कर. काय करायचं, कुणी करायचं, कुठल्या तारखेला तपासायचं. बस."

तुषारने आठवडाभर वाचलं. अटी तीन जातींच्या निघाल्या. काही एकदाच करायच्या, त्या होऊन गेलेल्या. काही ठरावीक काळाने: अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, लिफ्टची वर्षातून एकदा तपासणी, पावसाळ्याआधी पाणी मुरवण्याच्या खड्ड्यातला गाळ काढणं. आणि तिसऱ्या जातीच्या अटी कायमच्या: दोन्ही जिने मोकळे ठेवावेत, जिन्याखाली काहीही साठवू नये, मागच्या जिन्याचं दार बाहेर उघडणारं असावं आणि इमारतीत माणसं असताना त्याला कुलूप लावू नये.

या तिसऱ्या गटापुढे तारखेच्या रकान्यात त्याने 'कायम' लिहिलं, आणि खाली टीप टाकली की हे रोजच्या फेरीत बघायचं.

सबनीसांनी पानावर बोट आपटलं. "'कायम' ही तारीख आहे का? संगणकात ही यादी भरायची आहे. तारीख नसली तर ओळच घेत नाही तो."

"पण सर, याला तारीख नाहीच. हे रोजचं आहे."

"रोजचं लिहिलंस तर रोज आठवण येईल, रोज भोये चिडेल, रोज कुणीतरी दवाखान्यात जाईल. वर्षाची शेवटची तारीख टाक. वर्षातून एकदा नीट बघतील."

तुषारने कागद उचलला. मग जागेवर गेला आणि कायमच्या सगळ्या अटींपुढे एकतीस डिसेंबर टाकला. सबनीसांनी सही केली. पान लॅमिनेट करून स्टोअररूमच्या भिंतीवर लागलं, आणि ते खरोखर सुंदर दिसत होतं.

विभागाने ते मनापासून पाळलं, हे मान्य करायला हवं. लिफ्टवाला ठरल्या तारखेला आला नाही तेव्हा मुकेश डेपोपर्यंत गेला आणि त्याला कॉलर धरून जीपमध्ये घालून घेऊन आला. खड्ड्यातला गाळ काढताना एक मजूर बसून राहिला, त्याच्या पाठीवर फावड्याचा दांडा बसला. गाळ मुदतीआधी निघाला. जुलैत अग्निशमनवाल्यांनी सिलिंडर भरून, पंप चालवून, प्रमाणपत्र दिलं. मुकेशने ते पानाशेजारी चिकटवलं आणि कुणी हात लावला तर हात मोडेन असं जाहीर केलं.

ऑगस्टमध्ये वसतिगृहाच्या रेक्टर प्रमिलाबाईंच्या लक्षात आलं की मुली दुपारी मागच्या जिन्याने उतरून बाजारात जातात. त्यांनी कोयंड्याला पितळी कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. त्याच आठवड्यात नव्या मुलींसाठी गाद्या आल्या. ठेवायला जागा नव्हती म्हणून त्या पुढच्या जिन्याखाली, वीजमीटरच्या पेटीला टेकवून रचल्या गेल्या.

सुनिताने फोनवर हसत सांगितलं, "दादा, आता आम्ही बंदिवान. मागचं दार बंद. बाई म्हणतात, बाजार बघायचा तर नर्स कशाला होता, भाजीवाल्या व्हा."

तुषारला हसू आलं नाही. तो थेट स्टोअररूममध्ये गेला.

"भोयेमामा, मागच्या दाराला कुलूप आहे."

"माहीत आहे."

"काढा ते. आणि जिन्याखालच्या गाद्या हलवा, येताना बघितल्या मी."

मुकेशने भिंतीवरच्या पानावर बोट फिरवलं. ते वाचायला त्याला आवडायचं. "दार, एकतीस डिसेंबर. गाद्या, एकतीस डिसेंबर. तूच लिहिलंय ना रे? मग आत्ता कशाला डोकं खातोस?"

"ती तारीख चुकीची आहे. ते कायमचं आहे."

"चुकीची?" मुकेश उठला. "या पानावरून मी पाच माणसांना धुतलंय. आता सांगतोस चुकीचं?"

पहिली थोबाडीत इथे बसली. तुषारने उलट मारली, कारण तो बी.कॉम. असला तरी मोखाड्याचा होता. दोघं पाइपांच्या रॅकवर कोसळले. वेगळे झाले तेव्हा तुषारचा एक दात जमिनीवर होता आणि मुकेशचा कान फाटलेला.

तोंडाला रुमाल लावून तुषार सबनीसांकडे गेला. पान बदला, म्हणाला. सबनीसांनी रक्ताकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. मंजूर पानात दुरुस्ती जानेवारीत होईल, ते म्हणाले. तोपर्यंत प्रमिलाबाईंशी प्रेमाने बोल. प्रमिलाबाई प्रेमाने म्हणाल्या, "तुमची बहीण पळून गेली तर जबाबदारी कुणाची? तुमच्या पानाची?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तुषार पहार घेऊन मागच्या दारापाशी गेला. कोयंड्यात टोक घातलं तोच पहारेकरी सोम्याची काठी त्याच्या मनगटावर बसली.

"दार फोडतोस? मुलींच्या होस्टेलचं?"

"सोम्या, बाजूला हो. माझी बहीण आहे आत."

"सगळे असंच सांगतात," सोम्या म्हणाला आणि दुसरी काठी गुडघ्यावर हाणली. वरून खिडकीतून मुली ओरडत होत्या. अर्ध्या तुषारला प्रोत्साहन देत होत्या, अर्ध्या सोम्याला. मुकेश आला, पहार हिसकावून घेतली, तुषारला शेणातून लोळवलं आणि पहार स्टोअररूममध्ये ठेवून स्टोअररूमलाही कुलूप लावलं. किल्ली घेऊन तो लिफ्टची वायर आणायला विक्रमगडला जाणार होता. वायरची तारीख होती.

सकाळी मुकेश निघाला. अकराच्या सुमारास मीटरच्या पेटीत ठिणगी उडाली.

गाद्या लगेच पेट घेत नाहीत, धुमसतात. त्यांचा काळा, चिकट धूर पुढच्या जिन्याने सरळ वर गेला, जणू जिना त्याच्यासाठीच बांधला होता. पहिल्या मजल्यावरच्या मुली खोकत मागच्या जिन्याकडे धावल्या. पुढच्या मुली दारावर आपटल्या, मागच्या त्यांच्यावर. दार बाहेर उघडणारं होतं, नियमाप्रमाणे. ते दोन बोटं उघडलं, कुलूप ताणलं, थांबलं. त्या फटीतून बोटं बाहेर आली.

तुषार लंगडत धावत आला. त्या बोटांत त्याने सुनिताची अंगठी ओळखली.

"पहार!" तो ओरडला. "सोम्या, पहार!"

"स्टोअरमध्ये. कुलूप आहे."

"किल्ली?"

"भोयेमामाकडे."

"या दाराची?"

"बाई बँकेत गेल्यात."

तुषारने खांद्याने दार उलटं दाबून आतल्या मुलींना मागे ढकललं असतं, तरच कुलपाला फटका मारता आला असता. आतून गर्दी सोडेना. तो त्या बोटांवर ओरडला, शिव्या दिल्या, शेवटी फटीतून हात घालून आतल्या तोंडांवर चापट्या मारल्या. "मागं व्हा! मागं व्हा गं, मेलात!" दगड घेतला, तो फुटला. सोम्याची काठी घेतली, ती मोडली. तेवढ्यात सोम्या रडत पळत आला, त्याच्या हातात भिंतीवरचं लाल सिलिंडर होतं, जुलैचं लेबल लावलेलं. दोघांनी ते आडवं धरलं आणि कुलपावर हाणलं. पाचव्या की सहाव्या फटक्याला कोयंडा वाकला आणि सिलिंडरचं तोंड फुटून पांढऱ्या पावडरीचा लोट दोघांच्या तोंडावर आला. आंधळ्यासारखे दोघं मारत राहिले.

दार सुटलं तशा मुली एकमेकींसह पायऱ्यांवरून खाली आल्या. सुनिता तिसऱ्या पायरीवर आपटली; मनगट नको त्या दिशेला वळलेलं. तिच्याखाली नवशी होती, वावर गावाकडची, अंगाने बारीक, वर्गात पहिली येणारी. ती उठली नाही. तिला आगीने जाळलं नव्हतं, धुरानेही मारलं नव्हतं. दारापाशी सर्वांत पुढे तीच होती, गर्दीत चेंगरलेली.

मुकेश दुपारी आला तेव्हा तिला ओट्यावर ठेवलं होतं, चादर घालून. त्याने वायरचं भेंडोळं खाली टाकलं, चादर बाजूला केली, पुन्हा घातली. मग तो तुषारसमोर येऊन उभा राहिला.

"मार," तो म्हणाला.

तुषारने मारलं. मुकेश पडला, उठला, म्हणाला, "अजून." तुषारने पुन्हा मारलं, मग खाली बसला, कारण मारायला हात उरला नव्हता.

सबनीस आले ते घाम पुसत. पोलीस येण्याआधी ते पान बदलायचं होतं. "तुषार, चटकन. दाराच्या ओळीपुढे ऑगस्टची तारीख टाक. तपासणी राहून गेली, देखभाल विभागाचा दोष. कळलं ना?"

मुकेशने ते ऐकलं. त्याने सबनीसांच्या नाकावर ठोसा दिला, एकच, आणि तो इतका नेमका बसला की आवाज आवारात सगळ्यांनी ऐकला. तुषारने मुकेशकडून किल्ली घेऊन स्टोअररूमच्या भिंतीवरचं पान सोडवलं, सबनीसांच्या सहीसकट, खालच्या 'तयार करणारा' या शब्दांपुढच्या स्वतःच्या नावासकट, आणि फाटकाशी उतरणाऱ्या फौजदाराच्या हातात दिलं.

"हे काय?" फौजदाराने विचारलं.

"एकतीस डिसेंबर मी लिहिलं," तुषार म्हणाला. "सही त्यांची."

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात सुनिताला प्लास्टर घातलं. ती भावाकडे बघत नव्हती. नवशीचा हात शेवटपर्यंत तिच्या हातात होता, एवढं तिने सांगितलं.

"कुलूप फोडलं," तुषार म्हणाला.

"बाई दुसरं आणतील."

"आणू देणार नाही."

"कोयंडा आहे तोवर आणतील, दादा."

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला, फोटो काढले गेले, फौजदाराने आता दाराला हात लावायला हरकत नाही असं सांगितलं. मुकेशने स्टोअरमधून ग्राइंडर आणला. प्रमिलाबाई मध्ये आल्या, संस्थेची मालमत्ता आहे म्हणाल्या, मुली आता कोण सांभाळणार म्हणाल्या. तुषारने त्यांना दंडाला धरून पायऱ्यांवरून खाली नेलं, जरा जास्तच जोराने. मग तो दार पाठीने दाबून उभा राहिला आणि मुकेशने कोयंडा मुळापासून कापायला घेतला. ठिणग्या तुषारच्या शर्टावर, मानेवर, उघड्या जखमेवर पडत होत्या. तो हलला नाही. तुकडा खाली पडला, लाल, धूर सोडत, आणि मुकेशने लगेच दुसऱ्या बाजूची कडी कापायला घेतली.