कृष्णाचं कुलूप

चिकलठाण्याच्या कारखान्यात मोठ्या मिक्सरच्या स्विचला कृष्णाचं लाल कुलूप होतं. आत उतरून साफसफाई करणाऱ्यानं आपलं कुलूप लावायचं अन् बाहेर आल्यावर स्वतःच काढायचं, असा नियम.

“सुलेखाताई, तोडा ते कुलूप. कृष्णा कवाच घरी गेला,” सुपरवायझर अतुलराव खेकसले.

इलेक्ट्रिशियन सुलेखानं आधी गेटवर फोन केला. कृष्णा बाहेर पडल्याची नोंद नव्हती.

“मी नाय तोडणार. तुमचा हुकूम तोंडी असंल, माझा नकार लेखी राहील.”

तिनं लॉगबुकात तारीख, वेळ, हुकूम देणाऱ्याचं नाव अन् कारण लिहिलं. पेनाची खरखर तेवढी ऐकू येत होती.

सही करून तिनं पेन खाली ठेवलं.

खरखर थांबली नाही. ती मिक्सरच्या आतून येत होती.